चित्रातली व्यक्ती कोण, हे संग्रहालयाला कसे विचारावे?

वाचकाचे पत्र (नाव-गाव गाळून) :

‘कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात एका पुरुषाचे अर्धाकृती तैलचित्र आहे. वय चाळिशीच्या आसपास, डोक्यावर पगडी, छातीवर फितीला लावलेले एक पदक. खाली उजव्या कोपऱ्यात सहीचा शेवट “…कर” आणि “शके १८३४” एवढेच दिसते, बाकीचे चौकटीखाली गेले आहे. मागे लाकडावर ४७ हा आकडा आहे. आजोबा सांगत की हे आमचे खापरपणजोबा, औंध संस्थानात कारकुनीपासून कारभारापर्यंत चढलेले. ते १८९९ च्या प्लेगात गेले. चुलते म्हणतात की हे स्वतः पंतप्रतिनिधी आहेत आणि चित्र इनाम मिळाले. पणजोबाही संस्थानच्याच नोकरीत होते, पण त्यांचा फक्त म्हातारपणीचा एक सामूहिक फोटो आमच्याकडे आहे. औंधच्या संग्रहालयाला पत्र लिहून या चित्रातल्या व्यक्तीची नोंद आहे का, असे विचारावे असे मनात आहे. मात्र तपशील किती द्यावेत, फोटो पाठवले तर ते कुठे जातील आणि सरकार चित्र मागून तर घेणार नाही ना, अशी घरात धास्ती आहे. आम्ही तीन चुलतभाऊ या चित्राचे वारस आहोत.’

आपल्या पत्राचे उत्तर लिहिण्याआधी मी ते दोनदा वाचले, कारण त्यात आपल्याला वाटते त्यापेक्षा अधिक माहिती आहे. मी बरीच वर्षे एका संग्रहालयाच्या नोंदवह्यांवर काम केले आणि अशी शंभरेक पत्रे हाताळली. त्यांतल्या बहुतेक पत्रांत चित्राचे कौतुक आणि घराण्याचा इतिहास पानभर असे, पण कोपऱ्यातली सही किंवा मागचा आकडा यांचा उल्लेखही नसे. आपण या दोन्ही गोष्टी पाहिल्या आहेत, त्यामुळे आपले अर्धे काम झालेले आहे.

‘नोंद आहे का’ या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी बाजूला काढू. संग्रहालयाची नोंद त्याच्या स्वतःच्या वस्तूंची असते. एखादी वस्तू भेट म्हणून, विकत किंवा संस्थानाकडून आली की दाखल नोंदवहीत तिला क्रमांक पडतो आणि त्या ओळीत वस्तूचे नाव, माप, कोणाकडून आली, कधी आली आणि चित्र असेल तर ते कोणाचे, एवढे लिहिले जाते. आपले चित्र कधीच संग्रहालयात गेले नसेल तर त्याची ओळ तिथे असण्याचे कारण नाही. ‘नोंद नाही’ असे उत्तर आले तर त्यावरून ते चित्र खापरपणजोबांचे नाही किंवा पंतप्रतिनिधींचे नाही, असे काहीच सिद्ध होत नाही. उलट, त्याच व्यक्तीचे दुसरे चित्र किंवा याच चित्राची दुसरी प्रत संग्रहालयात असेल तर तिची नोंद आपल्या उपयोगी पडू शकते. आपल्याकडे व्यक्तिचित्रांच्या प्रती काढण्याची पद्धत जुनी आहे. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९० नंतरच्या वर्षांत पुण्यात येऊन सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढली, आणि पुढे अशा चित्रांवरून काढलेल्या प्रती ठिकठिकाणी गेल्या. तेव्हा संग्रहालयाला विचारायचा पहिला प्रश्न असा असावा : हाच चेहरा, हाच पोशाख, हीच बैठक असलेले चित्र किंवा फोटो आपल्या संग्रहात आहे का?

दुसरे गृहीतक अधिक नाजूक आहे. नोंदवहीत एखाद्या चित्रापुढे नाव लिहिलेले असते, तेव्हा ते नाव बहुधा चित्र देणाऱ्याने सांगितलेले असते. देणाऱ्याला ते आजोबांनी सांगितले असेल आणि आजोबांना आणखी कोणी. ‘परंपरेने अमुक यांचे मानले जाते’ असा शेरा नोंदवहीत दिसला तर तो प्रामाणिक शेरा समजावा, कारण त्यात पुराव्याची मर्यादा उघड लिहिलेली असते. आपल्या घरातल्या दोन आठवणी आणि नोंदवहीतले नाव यांचे वजन कधी कधी सारखेच असते. फरक इतकाच की तिथे ते नाव कधी आणि कोणाकडून आले हे कळू शकते. म्हणून पत्रात ‘नाव काय आहे’ यासोबत ‘ते नाव कशाच्या आधारे नोंदले गेले’ हेही विचारावे.

आता चित्राकडे वळू. आपण दोनच शक्यता समोर ठेवल्या आहेत, पण आपण दिलेल्या तपशिलांतून तिसरी शक्यता पुढे येते. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येते आणि वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. त्या हिशेबाने शके १८३४ म्हणजे १९१२ चा गुढीपाडवा ते १९१३ चा गुढीपाडवा. खापरपणजोबा १८९९ मध्ये गेले असतील तर हे चित्र त्यांच्यानंतर तेरा वर्षांनी काढले गेले. गेलेल्या माणसाचे चित्र फोटोवरून किंवा आठवणीने काढून घेण्याची रीत त्या काळात होती, त्यामुळे केवळ तारखेने ते बाद होत नाहीत. त्यांच्या छातीवरचे पदक मात्र बारकाईने पाहावे लागेल.

१९११ च्या डिसेंबरात दिल्लीला पंचम जॉर्ज यांचा दरबार भरला आणि त्या निमित्ताने पदके वाटली गेली. त्या पदकाची फीत गडद निळी होती आणि तिच्या मधोमध दोन तांबड्या रेषा होत्या. पदकाच्या एका बाजूला राजा आणि राणी यांचे जोडमुखवटे होते, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर होता. आपल्या चित्रातल्या पदकावर दोन चेहरे एकामागे एक दिसतात का, आणि फितीत मधोमध दोन रेषा आहेत का, हे भिंगातून पाहावे. तसे असेल तर १८९९ मध्ये गेलेल्या माणसाच्या छातीवर ते पदक येऊ शकत नाही, आणि चित्रकाराने ते मागाहून शोभेसाठी घातले असे मानायला वेगळा पुरावा लागेल. मग चुलत्यांच्या म्हणण्याला बळ मिळते, कारण भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे १८६८ चे आणि १९०९ पासून गादीवर. १९१२ साली त्यांचे वय चव्वेचाळीस होते. परंतु त्याच वर्षी आपले पणजोबा किती वर्षांचे होते? ते चाळिशीच्या आसपास असतील तर तेही तितकेच बसतात, आणि आपण त्यांना विचारात घेतलेच नाही, कारण घरातल्या फोटोत ते म्हातारे आहेत.

इथे एक खाचखळगा आहे. १९११ च्या दरबाराची पदके सोन्याची आणि रुप्याची अशी दोन प्रकारची होती. सोन्याची मुख्यतः संस्थानिकांना आणि अगदी वरच्या अधिकाऱ्यांना, रुप्याची इतरांना. त्यामुळे चित्रात पदक पिवळे दिसले की घाईने ‘सोन्याचे, म्हणजे राजाचे’ असे म्हणण्याचा मोह होतो. तैलचित्रावरचा वार्निश शंभर वर्षांत पिवळा पडतो, पांढरे त्याखाली पिवळसर दिसते, रुपेरी सोनेरी दिसते आणि निळे हिरवट होते. म्हणून पदकाचा रंग एकटा पाहू नये. त्याच चित्रातले उपरणे, डोळ्यांतला पांढरा भाग किंवा अंगरख्याची पांढरी कड पाहावी. उपरणेही तितकेच पिवळे असेल तर पदक रुप्याचे असण्याची शक्यता मोठी. उपरणे बऱ्यापैकी पांढरे आणि पदक ठळक पिवळे असेल तर ते सोन्याचे रंगवले असावे. फितीतल्या गडद निळ्याचे हिरवे झाले असेल हेही लक्षात ठेवावे. पदकाचा प्रकार ओळखता आला नाही तर पत्रात ‘पदक आहे, प्रकार कळला नाही’ एवढेच लिहावे.

सहीच्या ‘…कर’ बद्दलही एक सावधगिरी सांगतो. औंधशी नाते असलेल्या चित्रकारांची नावे आठवताना पंडित सातवळेकर पटकन समोर येतात आणि त्यांचे नाव ‘कर’ने संपते हेही खरे, पण ते औंधला स्थायिक झाले ते १९१८ च्या सुमारास, आणि ‘कर’ने संपणारी आडनावे महाराष्ट्रात हजारो आहेत. पत्रात कोणाही चित्रकाराचे नाव आपण होऊन सुचवू नये. एकदा नाव सुचवले की वाचणारा त्या दिशेने पाहू लागतो, आणि संग्रहालयातल्या माणसालाही तो परिणाम टाळणे कठीण जाते. जितकी अक्षरे दिसतात तितकीच, जशी दिसतात तशी उतरवावीत. अक्षर संशयास्पद असेल तर त्या जागी टिंबे द्यावीत.

मागच्या ४७ या आकड्याबद्दल बहुतेकांना वाटते की तो संग्रहालयाचा किंवा संस्थानच्या यादीतला असावा. तो तसा असेलही, पण फ्रेम करणाऱ्याचा हिशेबाचा आकडा, प्रदर्शनातला क्रमांक किंवा लिलावाचा क्रमांकही तिथेच लिहिला जातो. आपल्या बाबतीत माझे पहिले लक्ष वेगळ्याच कागदाकडे जाते. आपण तीन चुलतभाऊ वारस आहात, म्हणजे कधीतरी वाटणी झाली असणार, आणि जुन्या वाटणीपत्रांना जोडलेल्या चीजवस्तूंच्या यादीत भांडी, पितळी समया, आरसे आणि चित्रे क्रमाने लिहिलेली असत. त्या यादीत ४७ व्या ओळीवर ‘तसबीर’ असे काही सापडले आणि पुढे ‘अमुक यांची’ असे दोन शब्द मिळाले, तर ते कोणत्याही संग्रहालयाच्या उत्तराआधी आपल्या हातात असतील. हा कागद मोडीत असण्याचा संभव आहे. तो वाचून घ्यावा लागेल. पत्र पाठवण्याआधी हे एक काम जरूर करावे, कारण ते घरबसल्या होणारे आहे आणि फुकटचे आहे.

चित्र नेमके काय आहे, हेही पत्रापूर्वी ठरवून घ्यावे. त्या काळात मोठा केलेला फोटो कागदावर छापून त्यावर हाताने रंग भरत आणि कधी तो कापडावर चिकटवत. लांबून ते तैलचित्रच वाटते. भिंगातून गालाचा किंवा कपाळाचा भाग पाहिला की फरक कळतो. तैलचित्रात सावलीसुद्धा ब्रशच्या फटकाऱ्यांनी बांधलेली असते आणि अंधारात तिरपा उजेड टाकला की रंगाचे उंचवटे दिसतात; रंगवलेल्या फोटोत रंगाखाली सलग राखाडी-तपकिरी छाया असते आणि कोपऱ्यातला रंग उडालेल्या जागी कागदाचे तंतू दिसतात. आपले चित्र रंगवलेला फोटो निघाला तर नाराज होऊ नका. मग मूळ फोटो कोणाचा तरी प्रत्यक्ष काढलेला होता हे नक्की होते, आणि चेहऱ्याची तुलना जास्त विश्वासाने करता येते.

सही पूर्ण दिसावी म्हणून चौकट काढायची का, असा प्रश्न आपल्याला पडेल. रंग कुठेही उचललेला, पापुद्रे सुटलेला किंवा कापड सैल लोंबणारे असेल तर काढू नये. तशा चित्राचा चेहरा टेबलावर पालथा ठेवला की रंग तिथेच गळतो. चित्र धड असेल तर जुन्या चौकटी हाताळलेला कारागीर बोलावून, आपल्या समोर, खिळे हळूच उपसून, चित्र उभे धरून सही पाहावी आणि लगेच फोटो काढावा. ओल्या फडक्याने पुसणे, तेल लावणे, कापलेला बटाटा फिरवणे हे उपाय आजही घरोघरी सांगितले जातात. त्यांनी वार्निशाबरोबर सहीचा पातळ रंगही निघून जातो, आणि तीच अक्षरे आपल्याला हवी आहेत. माझ्याकडे एकदा अशाच एका घरातून चित्र आले होते. सही ‘उजळावी’ म्हणून कोणीतरी कोपरा घासला होता आणि तिथे नुसते कापड उरले होते.

फोटो चार पुरेत. पहिला समोरून संपूर्ण चित्राचा, खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कॅमेरा चित्राशी समांतर धरून, आणि कडेला मोजपट्टी ठेवून. दुसरा सहीच्या कोपऱ्याचा. तिसरा पदकाचा. चौथा मागच्या संपूर्ण बाजूचा, ज्यात ४७ हा आकडा आणि चिठ्ठी, शिक्का, खिळ्यांची रांग, जे असेल ते येईल. चित्रावर काच असेल तर काचेची चमक टाळण्यासाठी थोडे बाजूला उभे राहावे. माप दोन प्रकारे लिहावे, चौकटीसह आणि चौकटीशिवाय, उंची आधी आणि रुंदी नंतर, सेंटिमीटरमध्ये. इंचांत घेतले तर तसे स्पष्ट लिहावे. हे फोटो मोबाइलवरच्या निरोपाच्या ॲपने पाठवू नयेत, कारण त्यात बारकावे दाबले जातात. ईमेलने मूळ फाइल पाठवावी किंवा छापून टपालाने पाठवावेत.

कुठे लिहावे, याबाबत आपले मत बरोबर आहे. औंधच्या मूळपीठाच्या डोंगरावरचे श्री भवानी संग्रहालय भवानराव पंतप्रतिनिधींनीच उभे केले आणि आता ते राज्य शासनाच्या देखरेखीखाली आहे, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्याची तुलना करायला त्याहून चांगली जागा नाही. त्यांच्याकडून आपल्याला खात्रीने मिळू शकणारे एक उत्तर आहे : हे चित्र भवानरावांच्या त्या वयातल्या ज्ञात चित्रांशी किंवा फोटोंशी जुळते की नाही. याचे उत्तर ‘जुळत नाही’ असे आले तरी चुलत्यांची शक्यता बाजूला होते. सातारचे आणि सांगलीचे संग्रहालय यांना एकाच वेळी पत्रे टाकू नयेत. आधी औंधचे उत्तर येऊ द्यावे, आणि सहीत सांगली किंवा मिरजेच्या कोणा चित्रकाराचा धागा सापडला तरच तिकडे वळावे.

पत्राचा मसुदा मी इथे देतो. यात दिलेली मापे आणि दिवस आपण भरून घ्यावेत.

‘प्रति, माननीय अभिरक्षक, श्री भवानी संग्रहालय, औंध. विषय : कौटुंबिक तैलचित्रातील व्यक्तीची ओळख पटवण्याबाबत माहितीची विनंती. महोदय, आमच्या कुटुंबाकडे पुरुषाचे एक अर्धाकृती चित्र आहे. माप चौकटीशिवाय इतके उंच व इतके रुंद. उजव्या खालच्या कोपऱ्यात “…कर” व “शके १८३४” अशी अक्षरे आहेत. मागील लाकडावर ४७ हा आकडा आहे. छातीवर फितीसह पदक आहे. आम्हाला माहीत असलेले : चित्र आमच्या घरी किमान तीन पिढ्यांपासून आहे. आम्ही ऐकलेले, परंतु ज्याचा पुरावा आमच्याकडे नाही : (अ) हे आमच्या पूर्वजांचे, जे संस्थानच्या नोकरीत होते, (आ) हे श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी यांचे. तरी विनंती अशी की, आपल्या संग्रहात याच व्यक्तीचे किंवा याच चित्राची प्रत असलेले चित्र वा फोटो आहे का, व असल्यास व्यक्तीचे नाव कशाच्या आधारे नोंदले आहे, हे कळवावे. संस्थानच्या चित्रकारांच्या वा पदकांच्या नोंदी इतरत्र असल्यास त्या दप्तराचे नाव कळवावे. चित्राचे मूल्यांकन किंवा प्रमाणपत्र आम्ही मागत नाही. सोबतचे चार फोटो केवळ ओळख पटवण्यासाठी आहेत; आमची लेखी संमती मिळेपर्यंत ते प्रकाशित करू नयेत. आमची नावे व पत्ता संग्रहालयाच्या कागदांपुरते मर्यादित ठेवावेत. चित्राचे आम्ही तिघे सहमालक असून हे पत्र तिघांच्या संमतीने पाठवले आहे.’

मसुद्यात ‘माहीत असलेले’ आणि ‘ऐकलेले’ असे दोन भाग मी मुद्दाम वेगळे केले आहेत. पत्र वाचणाऱ्याला कुठे उभे राहायचे हे त्यातून कळते, आणि पुढे कोणी आपल्याच पत्राचा हवाला देऊन ‘कुटुंबाच्या मते हे पंतप्रतिनिधी’ असे छापू शकत नाही. तिघांच्या संमतीचे वाक्यही औपचारिकता नव्हे. मी पाहिलेल्या एका प्रकरणात एका भावाने हौसेने फोटो पाठवले, ते एका पुस्तिकेत छापले गेले आणि दुसऱ्या भावाने तीन वर्षे बोलणे टाकले. आपल्या चुलतभावांच्या सह्या पत्राखाली घ्याव्यात, पत्राच्या दोन प्रती कराव्यात आणि कार्यालयात आवक क्रमांक आणि दिनांक असलेला शिक्का एका प्रतीवर मारून घ्यावा. महिन्या-दीड महिन्यात उत्तर नसेल तर तो आवक क्रमांक देऊन एक सभ्य स्मरणपत्र पाठवावे. ज्या पत्राला क्रमांक नसतो त्याचे स्मरणपत्र कोणाच्याही टेबलावर टिकत नाही.

घरातल्या धास्तीविषयी स्पष्ट सांगतो, कारण या भीतीमुळे कितीतरी चित्रे अंधाऱ्या खोलीत कुजली आहेत. पत्र लिहिले म्हणून कोणत्याही संग्रहालयाला आपले चित्र मागून घेण्याचा हक्क मिळत नाही. १९७२ चा पुरावस्तू आणि कलासंपत्ती कायदा शंभर वर्षे किंवा त्याहून जुन्या वस्तूंना लागू आहे, आणि ज्या वर्गांतील वस्तूंची नोंदणी करणे मालकाला बंधनकारक केले आहे त्यांत चित्रे येतात. शके १८३४ चे चित्र शंभरी ओलांडून गेले आहे, म्हणून ते खरोखर तैलचित्र असल्याची खात्री झाल्यावर नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. नोंदणीने मालकी बदलत नाही, चित्र आपल्याच भिंतीवर राहते, आणि विक्री किंवा भेटीने ते दुसऱ्याकडे गेले तर तसे कळवावे लागते. परवानगीविना अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, ही मात्र खरी आणि कडक मर्यादा आहे. परदेशात राहणारा कोणी चुलतभाऊ ‘मी बॅगेत घेऊन जातो’ म्हणाला तर त्याला हे आधी सांगावे.

उत्तर आल्यावर ते तीन प्रकारचे असेल. ‘जुळणारे चित्र सापडले’ असे आले तर त्याचा दाखल क्रमांक मागून घ्यावा आणि शक्य असल्यास दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहण्यासाठी, आपले चित्र न नेता, फोटोच्या मोठ्या प्रती घेऊन जावे. ‘जुळत नाही’ असे आले तर पणजोबांचा सामूहिक फोटो बाहेर काढावा आणि कपाळ, नाक आणि हनुवटी यांतील अंतरांच्या प्रमाणाइतकेच लक्ष कानाकडे द्यावे. कानाची पाळ मोकळी की गालाला चिकटलेली हे वयाने बदलत नाही, दाढी-मिशी, केस आणि पगडी बदलतात. घरातल्या माणसांचे साम्य मात्र फसवते, म्हणून कान जुळला तरी ‘बहुधा पणजोबा’ इतकेच लिहावे. तिसरे उत्तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असे असेल, आणि त्याचा अर्थ आधी लिहिल्याप्रमाणे केवळ एवढाच की त्यांच्या वहीत काही नाही. तेव्हा आपले चार फोटो आणि पत्र त्यांच्या संदर्भ कागदांत ‘कुटुंबाकडील चित्र, ओळख अनिश्चित’ असे ठेवता येईल का, हे विचारावे. उद्या दुसऱ्या घरातून त्याच सहीचे चित्र आले, तर जुळवायला तिथे एक कागद असेल.

आपल्याकडेही त्याच पत्राची एक प्रत, वाटणीपत्राची ओळ, फोटोंवर पेन्सिलने लिहिलेली तारीख आणि घरात कोणी काय सांगितले ते त्या-त्या माणसाच्या नावाने लिहिलेले एक पान, असे एका कागदी पाकिटात घालून, ते चित्राच्या मागे कापडाला चिकटवू नये. चौकटीच्या वरच्या कड्याला दोऱ्याने बांधून ठेवावे.